किलोत किती नग?

गोंदियाच्या हार्डवेअर बाजारात नट-बोल्ट विकले जातात किलोनं आणि लागतात नगानं. राईस मिलच्या एलिव्हेटरमध्ये धान वर चढवणाऱ्या पट्ट्यावर बकेट बसवायला चपट्या डोक्याचे बोल्ट लागतात. पट्ट्यावर बकेट किती आणि एका बकेटला बोल्ट किती, हे मिलवाल्याला ठाऊक असतं. म्हणून तो दुकानात जाऊन हजार बोल्ट मागतो. दुकानदार हजार बोल्ट बोटांनी मोजत बसत नाही. तो दहा बोल्ट मोजून काट्यावर ठेवतो, त्यांच्या वजनाला दहानं भागून एका बोल्टचं वजन काढतो, मग सगळा ढीग तोलतो आणि त्या वजनाला एका बोल्टच्या वजनानं भागतो. नग मोजणारा खास काटा असेल तर हा भागाकार काटाच करतो. त्याच्या तीन खिडक्यांत एकूण वजन, एका नगाचं वजन आणि नगांची संख्या असे तीन आकडे दिसतात. तिसऱ्या खिडकीत ९८७ असं ठसठशीत उमटलं की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही वाटतं, बोल्ट ९८७च आहेत.

या ९८७वर विश्वास कितपत ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे. पद्धत चुकीची मुळीच नाही, जगभरच्या कारखान्यांत रोज वापरली जाते. पण तिच्यात चूक कुठून शिरते याबद्दल बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. लोकांचं सगळं लक्ष ढिगाच्या वजनावर असतं. काटा बरोबर आहे का, बारदान वजा केलं का, हे विचारलं जातं. सुरुवातीला मोजलेल्या त्या दहा बोल्टांकडे मात्र कोणी बघत नाही आणि घोटाळा तिथंच होतो.

एक हिशेब सविस्तर मांडू. समजा, एका बोल्टचं खरं सरासरी वजन १४.८ ग्रॅम आहे आणि ढिगात नेमके १००० बोल्ट आहेत, म्हणजे ढीग १४ किलो ८०० ग्रॅमचा. दुकानातला काटा ३० किलोचा आहे आणि तो पाच-पाच ग्रॅमच्या पायरीनं वजन दाखवतो. असे काटे किराणा आणि हार्डवेअरच्या दुकानांत सर्रास दिसतात. दहा बोल्टांचं खरं वजन १४८ ग्रॅम. काट्याला १४८ दाखवताच येत नाही. त्याला १४५ किंवा १५० यांपैकी जवळचा आकडा दाखवावा लागतो, म्हणून तो १५० दाखवतो. एका बोल्टचं वजन निघालं १५ ग्रॅम. आता ढीग तोलला, काट्यानं १४,८०० ग्रॅम अगदी बरोबर दाखवले. १४,८०० भागिले १५ म्हणजे ९८६.७, आणि खिडकीत ९८७ उमटलं. तेरा बोल्ट कुठं गेले? ते हरवलेले नाहीत, चोरीलाही गेलेले नाहीत. दहा बोल्टांच्या वजनात दोन ग्रॅमची चूक झाली होती, ती शंभर पटींनी वाढून ढिगाच्या हिशेबात आली.

ही चूक दुकानदाराच्या विरोधात गेली की गिऱ्हाइकाच्या, हेही बघण्यासारखं आहे. दुकानदारानं १००० आकडा येईपर्यंत बोल्ट टाकले, तर प्रत्यक्षात १०१३ किंवा १०१४ बोल्ट पोत्यात गेले. बोल्ट थोडा हलका असता, म्हणजे १४.६ ग्रॅमचा, तर दहांचं वजन १४६ झालं असतं, काट्यानं १४५ दाखवलं असतं आणि मिलवाल्याला सहा-सात बोल्ट कमी मिळाले असते. त्याच काट्यावर त्याच माणसानं त्याच पद्धतीनं मोजलं तरी एका मालात नुकसान याचं आणि दुसऱ्या मालात त्याचं. म्हणून अशा वादात कोणी कोणावर लबाडीचा आरोप करण्याआधी नमुना किती नगांचा होता, हे विचारावं.

आता त्याच काट्यावर दहाऐवजी शंभर बोल्ट मोजून ठेवले तर? खरं वजन १४८० ग्रॅम, काटा १४८० दाखवेल. वाईटात वाईट म्हणजे खरं वजन अडीच ग्रॅमनं इकडे-तिकडे असूनही तोच आकडा दिसेल. अडीच ग्रॅमची ती चूक आता शंभर बोल्टांत वाटली गेली. हजारांच्या हिशेबात ती पावणेदोन बोल्टांपेक्षा जास्त होत नाही. दहांच्या नमुन्यात हीच अडीच ग्रॅमची चूक सतरा बोल्टांपर्यंत पोचू शकत होती. काटा बदलला नाही, ढीग बदलला नाही, फक्त नमुना मोठा केला.

काट्यावर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर कमाल वजन, किमान वजन आणि पायरीचं मूल्य छापलेलं असतं, आणि ती वाचण्याची सवय आपल्याला नाही. दुकानात चालणाऱ्या तिसऱ्या वर्गाच्या काट्यावर किमान वजन पायरीच्या वीसपट असतं. पायरी ५ ग्रॅमची असेल तर किमान वजन १०० ग्रॅम. त्याखालचं वजन त्या काट्यावर करूच नये, असा त्याचा अर्थ. पाच बोल्ट ठेवून नगाचं वजन काढणारा माणूस ७४ ग्रॅम तोलत असतो, म्हणजे काट्याच्या स्वतःच्या मर्यादेबाहेर काम करत असतो.

याच काट्याला ढिगाच्या वजनात किती चूक माफ आहे तेही बघू. वैधमापन विभागाचा निरीक्षक दर वर्षी इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी करून शिक्का मारतो. १४ किलो ८०० ग्रॅमला म्हणजे सुमारे तीन हजार पायऱ्यांना, पडताळणीच्या वेळी दीड पायरीपर्यंत म्हणजे साडेसात ग्रॅमपर्यंत चूक चालते. रोजच्या वापरात ती दुप्पट, १५ ग्रॅमपर्यंत गेली तरी काटा नियमात बसतो. पंधरा ग्रॅम म्हणजे एक बोल्ट. शिक्का असलेला काटा ढिगाच्या वजनातून फार तर एका बोल्टाची चूक करेल, आणि दहांचा नमुना तेरांची करेल. भांडण कशावरून व्हायला हवं हे या दोन आकड्यांवरून ठरतं.

यावर उपाय सोपा आहे आणि मोठे कारखाने तोच करतात. नमुना एका काट्यावर आणि ढीग दुसऱ्या काट्यावर. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आता महाग राहिलेला नाही. त्याच्यावर तीस-चाळीस बोल्टांचा नमुना तोलला की पायरीची चूक जवळपास नाहीशी होते. ढीग पाच ग्रॅमच्याच काट्यावर तोलला तरी त्या काट्याची पायरी म्हणजे एका बोल्टाचा तिसरा हिस्सा, तिची काळजी नको.

पण काटा कितीही बारीक आणला तरी एक चूक उरते, कारण ती काट्यात नसून बोल्टांत असते. एकाच साच्यातून निघालेले दोन बोल्ट सारख्या वजनाचे नसतात. एकाची लांबी केसभर जास्त, एकाच्या आट्या किंचित खोल, एकावर जस्ताचा थर जाड. ही तफावत किती आहे हे दुकानातल्या दुकानात काढता येतं. दहा बोल्ट छोट्या काट्यावर एकेक करून तोला. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलका यांच्यातला फरक घ्या आणि त्याला तीननं भागा. दहा नगांच्या नमुन्यासाठी हा भागाकार, संख्याशास्त्रात ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, त्याच्या बराच जवळ जातो. समजा सर्वांत हलका १४.५८ ग्रॅमचा आणि सर्वांत जड १५.०३ ग्रॅमचा निघाला. फरक ०.४५, तिसरा हिस्सा ०.१५ ग्रॅम. सरासरी वजनाच्या तुलनेत ही तफावत एक टक्का झाली.

एका बोल्टात एक टक्का तफावत असली तरी दहांच्या सरासरीत ती तेवढी राहत नाही, कारण नमुन्यात एखादा जड आला तर एखादा हलकाही येतो आणि ते एकमेकांना भरून काढतात. किती भरून काढतात त्याचा नियम आहे: तफावतीला नमुन्यातल्या नगांच्या वर्गमुळानं भागायचं. दहांचं वर्गमूळ ३.१६, म्हणून सरासरीत सुमारे ०.३ टक्के चूक राहते. शंभरांचं वर्गमूळ १०, म्हणून ०.१ टक्का. ही चूक सामान्यतः एवढी असते, पण दुपटीपर्यंत जाऊ शकते असं धरून चालावं. म्हणजे दहांच्या नमुन्यावरून काढलेल्या हजारांत सहा बोल्ट इकडे-तिकडे, शंभरांच्या नमुन्यावरून दोन. वर्गमुळाचा हा नियम कंजूष आहे. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो.

आणि ढिगातल्या हजार बोल्टांच्या तफावतीचं काय? तिथं तर एवढे जड-हलके बोल्ट एकत्र आलेले असतात की त्या सगळ्यांची मिळून एका बोल्टाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच गडबड होते. हे अनेकांना पटत नाही, पण खरं आहे. ढीग जेवढा मोठा तेवढी त्याची स्वतःची चूक प्रमाणात लहान होत जाते. नमुना मात्र छोटाच राहिला तर त्याची चूक ढिगाबरोबर वाढत जाते. दहा बोल्ट मोजून पन्नास हजारांचा माल उचलणारा तीनशे बोल्टांपर्यंतची अनिश्चितता उचलत असतो.

मग एकही बोल्ट न चुकता हजारांचा नेमका आकडा वजनावरून निघेल का? हिशेब केला तर उत्तर येतं की एक टक्का तफावतीच्या मालात त्यासाठी सहाशेच्या वर बोल्ट नमुना म्हणून मोजावे लागतात. उरतात जेमतेम चारशे, तेही हातानंच मोजून टाकलेले बरे. मात्र यातही एक युक्ती आहे. हे सहाशे बोल्ट बोटांनी मोजायची गरज नसते, ते पायरीपायरीनं काट्याकडूनच मोजून घेता येतात.

त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा दहा किलोचा काटा घ्या. तीस बोल्ट हातानं नीट मोजून ठेवा. वजन आलं ४४४ ग्रॅम, म्हणजे एक नग १४.८ ग्रॅमचा. आता न मोजता त्यात अंदाजे पंधरा बोल्ट टाका. वजन झालं ६६६, भागाकार नेमका ४५. म्हणजे आता काट्यावर ४५ बोल्ट आहेत यात शंका नाही, कारण ४४ किंवा ४६ असते तर वजनात पंधरा ग्रॅमचा फरक पडला असता. आता हेच ४५ नवा नमुना झाले. आणखी एक मूठ टाका. वजन १००६ आलं, भागाकार ६७.९७. बोल्ट अर्धा असत नाही, म्हणून ते ६८. नगाचं वजन आता १००६ भागिले ६८, म्हणजे १४.७९४. पुन्हा मूठ, पुन्हा वजन १५०९, भागाकार १०२. अशा रीतीनं दर टप्प्याला आधीच्या साधारण निम्म्याहून जास्त नग न वाढवता पुढं जायचं. नमुना मोठा होत जातो आणि नगाचं सरासरी वजन जास्त पक्कं होत जातं. नग मोजणाऱ्या काही काट्यांत हीच सोय बटणामागं बसवलेली असते.

या पद्धतीतली सगळ्यांत मोलाची खूण भागाकाराच्या दशांशात असते. ४५.०, ६७.९७, १०२.० असे आकडे पूर्णांकाला चिकटून येत असतील तर काम बरोबर चाललंय. एखाद्या टप्प्यावर ८९.४ किंवा १२०.५ आलं की तिथंच थांबायचं. मूठ फार मोठी टाकली असेल, एखाद्या बोल्टाला नट चिकटलेला असेल, पंख्याच्या वाऱ्यानं काटा हलला असेल किंवा मुळात माल मिसळलेला असेल. नग मोजणाऱ्या काट्याची तिसरी खिडकी हा दशांश दाखवत नाही. ती ८९.४ला गुपचूप ८९ करते आणि धोक्याची खूण पुसून टाकते. म्हणून मला वाटतं, महत्त्वाच्या मालाचा भागाकार एकदा तरी मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर स्वतः करावा. हजाराच्या आसपास ही शिडीही थकते, कारण तिथं तफावतच अर्ध्या बोल्टाइतकी होते आणि दशांश कुठंही पडू लागतात.

आतापर्यंतच्या सगळ्या चुका नमुना वाढवला की कमी होतात. एक चूक मात्र अशी आहे की हजारांचा नमुना घेतला तरी ती हलत नाही. ढिगात दोन वेगवेगळ्या खेपांचा माल असेल आणि नमुना एकाच खेपेतून आला असेल तर? समजा अर्धे बोल्ट १४.८ ग्रॅमचे आणि दुसऱ्या खेपेचे अर्धे १५.१ ग्रॅमचे आहेत. डोळ्यांना फरक कळणार नाही. ढीग १४,९५० ग्रॅमचा झाला. नमुना वरच्या खोक्यातून, म्हणजे पहिल्या खेपेतून घेतला असेल तर उत्तर येईल १०१०. इथं गणित करून काही हाती लागत नाही, खोकी उघडावी लागतात. वेगवेगळ्या पाच खोक्यांतून वीस-वीस बोल्ट काढून वेगळे तोलायचे. पाच गठ्ठ्यांची वजनं जवळजवळ सारखी आली तर माल एकजिनसी. एखादा गठ्ठा बाकीच्यांपासून ठळकपणे दूर गेला तर खेपा वेगळ्या करून वेगळ्या मोजायच्या.

बारदानाचंही असंच. धान्यासाठी वापरायचं ५० किलोचं नवं तागाचं पोतं ५८० ग्रॅमचं असतं, पण ताग हवेतली ओल पितो. जुलैतल्या गोंदियात तेच पोतं उन्हाळ्यापेक्षा तीस-एक ग्रॅम सहज जड भरतं. हे दोन बोल्ट झाले. पोत्याचं वजन पाठ करून वजा करण्यापेक्षा रिकामं पोतं त्याच दिवशी त्याच काट्यावर ठेवून शून्य करावं.

बोल्टांवर हे सगळं जमतं कारण बोल्ट हे माणसानं एकसारखे केलेले नग आहेत. गोंदियात याहून कितीतरी जास्त संख्येनं हाताळली जाणारी वस्तू म्हणजे धानाचा दाणा, आणि त्याच्यावर ही पद्धत चालवताना तिची खरी परीक्षा होते. बियाणं शास्त्रात हजार दाण्यांचं वजन हे प्रत्येक वाणाचं एक ओळखीचं माप आहे. ते काढायची आंतरराष्ट्रीय बियाणं परीक्षणाची रीत अशी: स्वच्छ केलेल्या बियाण्यातून शंभर-शंभर दाण्यांचे आठ नमुने मोजायचे, प्रत्येक वेगळा तोलायचा, आठांची सरासरी काढून दहानं गुणायची. त्या आठ वजनांत आपसात किती तफावत आहे तेही काढायचं. ती चार टक्क्यांच्या आत असेल तरच उत्तर धरायचं, नाहीतर पुन्हा नमुने घ्यायचे. कुसळांच्या, भुसकट गवतबियांना ही मर्यादा सहा टक्के आहे.

उदाहरणादाखल एका वाणाच्या आठ नमुन्यांची वजनं २.४८, २.५२, २.४५, २.५५, २.५०, २.४७, २.५३ आणि २.५० ग्रॅम धरू. बेरीज बरोबर २० ग्रॅम, सरासरी अडीच, म्हणजे हजार दाणे २५ ग्रॅमचे. तफावत १.३ टक्के भरते, चारच्या बरीच आत. आठ नमुन्यांच्या सरासरीत ती आठांच्या वर्गमुळानं कमी होऊन अर्ध्या टक्क्याच्या खाली येते. आता २५ किलोच्या पिशवीत किती दाणे? दहा लाख, आणि नऊ-दहा हजार इकडे-तिकडे. दहा लाख दाणे कोणी मोजू शकत नाही, पण आठशे दाणे मोजून एक टक्क्याच्या आत उत्तर मिळतं. आठ वेगळे नमुने घेण्याचा खरा फायदा हा की चूक किती हे त्याच कामात कळतं. आठशे दाणे एकदम तोलले असते तर सरासरी तीच आली असती, पण तिच्यावर विश्वास कितपत ठेवायचा हे सांगणारं काही हाती राहिलं नसतं. बोल्टवाल्यांनीही ही रीत उचलावी. शंभर बोल्ट एकदम तोलण्यापेक्षा वीस-वीसचे पाच गठ्ठे तोललेले बरे.

रोवणीच्या शेतकऱ्याला या आकड्याचा थेट उपयोग आहे. ओळींत २० आणि रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी सुमारे ३ लाख ३३ हजार चूड बसतात. एका चुडात दोन रोपं धरली तर ६ लाख ६७ हजार रोपं हवीत. प्रमाणित धान बियाण्याची उगवणशक्ती किमान ८० टक्के असावी लागते. ती तेवढीच धरली तर सुमारे ८ लाख ३३ हजार दाणे पऱ्ह्यात पडायला हवेत. हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम असलेल्या ठोकळ वाणाला याचे जवळपास २१ किलो होतात, आणि १५ ग्रॅमच्या बारीक वाणाला साडेबारा किलो. हा हिशेब कागदावरचा आहे. पऱ्ह्यात पाखरं, पाणी, रोग यांनी रोपं जातात म्हणून प्रत्यक्षात जास्त बियाणं टाकावं लागतं. पण ठोकळ आणि बारीक वाणाला किलोनं सारखंच बियाणं टाकणारा बारीक वाणाची रोपं दीडपटीहून दाट करतो हे त्यातून स्पष्ट दिसतं. दाट पऱ्ह्यातली रोपं बारीक आणि उंच होतात, हे प्रत्येक धानकऱ्याला माहीत आहे.

धानाला बोल्टासारखं वागवता येत नाही ते दोन कारणांनी. पहिलं म्हणजे ओल. दाण्यात १४ टक्के ओल असताना काढलेलं हजार दाण्यांचं वजन १७ टक्के ओलीच्या धानाला लावलं, तर दाणे तेवढेच असून वजन साडेतीन टक्क्यांनी जास्त भरतं आणि मोजणीही तेवढीच फुगते. आधारभूत खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंतची ओल चालते, म्हणजे ही काही दुर्मीळ स्थिती नाही. कापणीनंतर लगेच मळलेल्या वीस टक्के ओलीच्या धानात ही चूक साडेसात टक्क्यांवर जाते. नमुना आणि ढीग एकाच दिवशी, एकाच ओलीवर तोलणं हाच उपाय. दुसरं कारण म्हणजे पोचट दाणे. पोतं हलत-हलत आलं की हलके, पोचट दाणे वर येतात आणि भरलेले खाली जातात. वरून मूठ भरून घेतलेला नमुना ढिगापेक्षा हलका निघतो आणि मोजणी फुगते. म्हणून टोकदार पोकळ नळी पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी खुपसून दाणे काढायचे, ते एकत्र मिसळून सपाट थर करायचा, त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकायचे, असं नमुना हवा तेवढा लहान होईपर्यंत करायचं. मूठ कुठून भरायची हे हाताला ठरवू दिलं नाही, हा या रीतीचा गुण.

आणि याच जिल्ह्यात एक माल असा आहे की तिथं वजनानं मोजणी न करणंच शहाणपणाचं ठरलं. उन्हाळ्यात जंगलातून तोडलेला तेंदूपत्ता संकलन केंद्रावर पुड्यांनी घेतला जातो. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. पानं सकाळी तोडलेली असतात तेव्हा ओली आणि जड, उन्हात वाळली की वजन झपाट्यानं उतरतं, आणि गोणीत भरण्याआधी तुटू नयेत म्हणून त्यांच्यावर पुन्हा पाणी शिंपडतात. शिवाय पान लहान-मोठं. आठवडाभरात त्याच पानांची तीन वेगळी वजनं होतात. अशा मालाचा नमुना सकाळी घेऊन संध्याकाळचा ढीग मोजला तर मजुरी करणाऱ्या बाईचे शेकडो पुडे कागदावरून नाहीसे होतील. पुडे हातानं मोजणं वेळखाऊ आहे, पण तिथं तेच न्याय्य आहे.

कोणता माल तोलून मोजायचा हे ठरवायला दोन प्रश्न पुरतात. नगांची आपसातली तफावत एक-दोन टक्क्यांच्या आत आहे का, आणि नमुन्यापासून ढिगापर्यंत नगाचं वजन बदलणार तर नाही ना? दोन्हींची उत्तरं अनुकूल असतील आणि एक-दोन नगांच्या फरकानं कोणाचं नुकसान होणार नसेल, तर तोलून मोजा. माल दोनशे नगांच्या आत असेल किंवा एकेक नग महाग असेल, तर हातानं मोजणंच स्वस्त पडतं.

दुकानदारांना आणि मिलवाल्यांना एक विनंती आहे. तोलून मोजलेल्या मालाच्या चिठ्ठीवर नगांच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहा: नमुना किती नगांचा होता, एका नगाचं वजन किती धरलं आणि बारदान किती वजा केलं. एवढं लिहिलेलं असलं की घरी गेलेला माणूस स्वतःचा नमुना तोलून तो आकडा पुन्हा तपासू शकतो.